तीन कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर आणि वीस तारीख

वाचकाचं पत्र

निपाणीजवळच्या गावात माझं अकाउंट्सचं छोटं ऑफिस आहे. मी आणि दोन मुली, तीन कॉम्प्युटर, तिन्ही दहा-बारा वर्षांचे. टॅली, एक्सेलच्या दोन-तीन मोठ्या फाइल आणि ब्राउजरमध्ये तीस-चाळीस टॅब उघडले की सगळं अडकतं. लाइट गेली की इन्व्हर्टर दीड तासात बसतो, आणि रिटर्नच्या २० तारखेला लाइट हमखास जाते. बेळगावचा दुकानदार म्हणतो, आय७, ग्राफिक कार्ड आणि ६५० वॉटचा पॉवर सप्लाय घ्या, पाच वर्षं बघायला नको. धाकटा दीर म्हणतो, ६ वॉटचे मिनी पीसी घ्या, बिल निम्मं होईल. मला ६५० ची भीती वाटते आणि ६ चा भरवसा वाटत नाही. काय घेऊ?

— एक वाचक

उत्तर

ताई, हे दोन्ही आकडे तुमच्या मनातून आधी काढून टाकू या. ६५० हा सप्लाय जास्तीत जास्त किती वॉट देऊ शकतो त्याचा आकडा आहे, तो किती खातो त्याचा नाही. दोन इंची पाइपाला अर्धा इंची नळ लावला तर पाणी नळापुरतंच येतं, तसं मशीनला ३० वॉट लागत असतील तर ६५० वाला सप्लायही ३० आणि वरचा स्वतःचा तोटा एवढंच ओढतो. दिरांचे ६ वॉट हे नुसत्या प्रोसेसरचं मानांकन आहे. मेमरी, डिस्क, वायफाय आणि अडॅप्टरचा तोटा धरला की तेच मिनी पीसी भिंतीतल्या प्लगवर शांत असताना ८ ते १० वॉट आणि कामाला जुंपल्यावर २० ते २५ वॉट दाखवतं. त्याच्यापुढे ठेवलेला मॉनिटर २० वॉट खातो, म्हणजे बहुतेक वेळ मॉनिटरच कॉम्प्युटरपेक्षा जास्त खातो.

बिल निम्मं होईल ही अपेक्षाही सोडा. तुमच्या वयाची मशीन मी वॉट मीटर लावून मोजली आहेत. ग्राफिक कार्ड बसवलेलं असेल तर नुसतं चालू ठेवून ७० वॉटच्या आसपास जातात, जुना मॉनिटर २५. आजचं साधं आय३ मशीन नीट जुळवलं तर शांत असताना २५ वॉटवर येतं, नवा मॉनिटर २०. म्हणजे एका टेबलामागे ५० वॉट वाचतात आणि तिघींचे मिळून १५०. रोज नऊ तास, महिन्याला २६ दिवस धरले तर ३५ युनिट. युनिटला ८ रुपये धरून बघा, २८० रुपये होतात. त्यासाठी कोणी तीन मशीन बदलत नाही.

तरीही कमी वॉटचं मशीनच घ्या असं मी सांगतो, ते इन्व्हर्टरसाठी. तुमच्याकडे आज तीन टेबलांचे २८५ वॉट, राउटर आणि स्विचचे १५, आणि दोन जुने पंखे ७५ प्रमाणे १५० धरले, तर बॅटरीवर ४५० वॉट आहेत. दीड तासात बसते, म्हणजे तुमची बॅटरी प्रत्यक्षात सुमारे ६७५ वॉट-तास देते आहे. तीन टेबलं १३५ वर आणली की एकूण भार ३०० होतो आणि तीच बॅटरी सव्वादोन तास चालते. आता पंख्यांकडे बघा. नव्या ऑफिसात दोन पंखे तिन्ही कॉम्प्युटरपेक्षा जास्त खातील. ते बदलून ३० वॉटचे बीएलडीसी पंखे लावले तर भार २१० वर येतो आणि वेळ तीन तासांच्या वर जाते. कॉम्प्युटर घ्यायला निघालेल्या माणसाला मी पंखे सांगतोय हे विचित्र वाटेल, पण या हिशेबात सर्वांत स्वस्तात मिळणारा तास तोच आहे. तिन्ही मिनी पीसी घेतले तर याच्यावर आणखी पाऊण-एक तास मिळेल. तो तास घ्यायचा का, हे मशीन नेमकं कशामुळे अडकतं त्यावर ठरवावं लागेल.

त्यासाठी काही विकत घ्यायच्या आधी, कामाच्या भर दुपारी, सगळं अडकलेलं असतानाच Ctrl+Shift+Esc दाबा आणि `Performance` मध्ये `Memory` उघडा. तिथे `Committed` या शब्दाखाली दोन आकडे असतात. चिकोडीच्या एका ऑफिसात मी बघितलं तेव्हा मशीनमध्ये ८ जीबी मेमरी होती आणि पहिला आकडा १३ च्या पुढे होता. उरलेल्यातलं बरंचसं विंडोज डिस्कवर नेऊन ठेवत होतं आणि मागितलं की परत आणत होतं. डिस्कचा आलेख १०० टक्क्यांवर चिकटलेला, प्रोसेसर मात्र २० टक्क्यांवर निवांत. तिथे आय७ लावला असता तरी तोही तसाच डिस्कची वाट बघत बसला असता. टॅबांचा त्रास जवळजवळ नेहमी असाच दिसतो आणि त्याला औषध मेमरीचं. मशीनमागे १६ जीबी घ्या. एकाच पट्टीत १६ घेतली तर बोर्डावर दुसरी जागा मोकळी राहते आणि दोन वर्षांनी लागली तर आणखी एक लावता येते. दोन पट्ट्यांनी वेग वाढतो हे खरं, पण तुमच्या कामात तो फरक डोळ्यांना दिसणार नाही.

ब्राउजरमधलं `Memory Saver` चालू केलं तरी थोडी मोकळीक मिळते. मात्र ते झोपवलेलं टॅब परत उघडताना पान नव्याने आणतं, आणि अर्धवट भरलेला फॉर्म जाऊ शकतो. जीएसटी, इन्कम टॅक्स आणि बँकेच्या साइट त्याच्या सेटिंगमध्ये अपवाद म्हणून नोंदवून ठेवा.

एक्सेलचं दुखणं वेगळं दिसतं. जीएसटीचं टूबी स्टेटमेंट खरेदी रजिस्टरशी जुळवताना खाली टक्केवारी हळूहळू सरकते, त्या वेळी प्रोसेसरचा आलेख बघा. चार कोअरच्या जुन्या मशीनवर तो २५ टक्क्यांवर सपाट रेघ ओढून बसला असेल, तर चारांतला एकच कोअर राबतोय आणि तिघे बघे आहेत. अशा कामाला जास्त कोअर नव्हे, एकेक कोअर वेगवान लागतो. पण त्याआधी शीटमध्ये Ctrl+End दाबा. कर्सर तुमच्या शेवटच्या नोंदीच्या खूप खाली, अगदी १०,४८,५७६ व्या ओळीवर जाऊन बसला, तर कोणीतरी पार खालच्या ओळींपर्यंत रंग किंवा सूत्रं ओढून फाइल फुगवली आहे. खालच्या रिकाम्या ओळी डिलीट करून सेव्ह केल्यावर काही फाइल मिनिटांवरून सेकंदांवर आलेल्या मी पाहिल्या आहेत. `OFFSET` आणि `INDIRECT` ही सूत्रंही शोधा. कुठलाही एक आकडा बदलला तरी ती सगळी पुन्हा मोजली जातात. शेवटी `File`, `Account`, `About Excel` मध्ये ३२-बिट लिहिलंय का पाहा. तसं असेल तर नवी मेमरी टॅबांना उपयोगी पडेल, एक्सेलला ती वापरताच येणार नाही. ६४-बिट आवृत्ती टाकून घ्यावी लागेल.

आता निवड सोपी होते. मिनी पीसीत बहुधा एन१०० हा प्रोसेसर असतो. टॅली, पावत्या भरणं, बँकेचं स्टेटमेंट, दहा-पंधरा टॅब यांना तो पुरतो. पण त्याचा एकेक कोअर साधारण दहा वर्षांपूर्वीच्या आय५ इतका आहे, आणि मेमरीची मर्यादा अधिकृतपणे १६ जीबी, तीही एकाच पट्टीत. आय३-१२१०० किंवा त्याच्या नंतरचा आय३-१४१०० एकेका कोअरला त्याच्या दीडपटीहून जास्त पळतो. म्हणून टूबी जुळवणी आणि ऑडिटच्या फाइल ज्या दोन टेबलांवर होतात तिथे आय३ घ्या, आणि फक्त नोंदी भरणाऱ्या टेबलावर हवं तर मिनी. मी स्वतः मात्र तिन्ही सारखी घेईन. एका मशीनचा सप्लाय गेला तर २० तारखेला दुसऱ्याचा काढून लावता येतो, ही सोय त्या पंधरा वॉटपेक्षा मला मोठी वाटते.

आय३ घेताना दोन अक्षरं सांभाळा. शेवटी एफ असलेला, म्हणजे १२१००एफ, थोडा स्वस्त पडतो, पण त्यात चित्र दाखवायची सोयच नसते. मग दुकानदार वेगळं ग्राफिक कार्ड लावतो, ते नुसतं बसूनही काही वॉट खातं, आणि त्याच्या छोट्या पंख्यात धूळ बसली की तोच आधी मरतो. तुमच्या कामाला ग्राफिक कार्ड लागत नाही. साध्या आय३ वर दोन मॉनिटरही चालतात, फक्त बोर्डामागे दोन जोडण्या आहेत का ते बघून घ्या. दुसरं अक्षर टी. त्यावर ३५ वॉट लिहिलेलं असतं, तर साध्यावर ६०. पण तो फरक पूर्ण जोर लावल्यावरचा. शांत असताना दोघेही जवळजवळ सारखंच खातात, आणि तुमचं मशीन दिवसाचा बहुतेक वेळ शांतच असतं. एक्सेल मोजत असताना साधा आय३ काही सेकंद ७०-८० वॉटवर जाईल, काम संपवेल आणि खाली येईल. टी हळू मोजेल. त्यासाठी मुद्दाम टी शोधत फिरू नका.

सप्लायवर मात्र मी तुमचा वेळ घेणार आहे, कारण आपल्या भागात मशीन मरतं ते बहुतेक तिथून. कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट येणारा सप्लाय घेऊ नका, त्यावर ४५० लिहिलेलं असलं तरी. शहापूरच्या एका अडत्याकडे अशाच सप्लायने जाताना बोर्ड आणि डिस्क दोन्ही सोबत नेले. डिस्कवर दोन वर्षांची खाती होती आणि ती परत आली नाहीत. ते मशीन मीच जुळवून दिलं होतं आणि सप्लायवर पैसे वाचवायचा निर्णयही माझाच होता. तेव्हापासून मी सप्लायच्या अंगावरचं लेबल वाचल्याशिवाय पुढे जात नाही.

लेबलवर पहिली ओळ इनपुटची असते. तिथे कधी २००–२४० व्होल्ट असतं, कधी १००–२४०. संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले की खेड्यात व्होल्टेज १७०-१८० वर येतं हे तुम्ही रोज बघता. पहिल्या प्रकारचा सप्लाय तिथे धडपडतो आणि मशीन आपोआप रीस्टार्ट होतं, लोक त्याला व्हायरस समजतात. दुसऱ्या प्रकारचा त्या व्होल्टेजला दाद देत नाही. ८० प्लस ब्राँझचं चिन्ह असलं तरी ही ओळ वाचा, कारण त्या चिन्हाचेही काही सप्लाय फक्त २०० च्या वरच चालतात. ४०० ते ४५० वॉटचा, ब्राँझ, १००–२४० इनपुटचा आणि किमान तीन वर्षांच्या वॉरंटीचा सप्लाय तुम्हाला पुरून उरतो. ६५० वाला नको, तो वीज जास्त ओढतो म्हणून नव्हे. या चिन्हाची चाचणी क्षमतेच्या २० टक्के भारापासून सुरू होते. तुमचे ३० वॉट हे ६५० चे पाच टक्केही नाहीत, आणि इतक्या खाली बहुतेक सप्लायचा तोट्याचा वाटा वाढतो.

आता इन्व्हर्टरच्या मागे जा. तिथे बहुधा एक बटण असतं, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. यूपीएसवर ठेवला तर लाइट जाताना तो काही मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो आणि मशीन बंद पडत नाही. पण त्याच बाजूला तो व्होल्टेजबाबत हळवा असतो. १८० च्या खाली गेलं की लाइट असूनही बॅटरीवर येतो आणि तेवढा वेळ ती रिकामी करत राहतो. दीड तासात बसण्याचं तुमचं अर्धं कारण हेही असू शकतं, तेव्हा संध्याकाळी लाइट असताना त्याचा बॅटरीचा दिवा लागतो का ते आठवडाभर बघा. लागत असेल तर बटण नॉर्मलवर टाका. त्यात बदल व्हायला जास्त वेळ लागतो, पण चांगला सप्लाय पूर्ण भारावरही सोळा-सतरा मिलिसेकंद स्वतःच्या साठ्यावर धरून राहतो आणि भार कमी असेल तितका जास्त वेळ धरतो. कमी वॉटच्या मशीनचा हा फायदा कोणी सांगत नाही. तरी विश्वास ठेवू नका, तपासा. नुसती रिकामी फाइल उघडी ठेवून इन्व्हर्टरचा मेन दहा वेळा पाडा. दहाही वेळा मशीन टिकलं तर ठीक. एकदा जरी रीस्टार्ट झालं, तर त्या मशीनला मध्ये ६०० व्हीएचा छोटा यूपीएस लावा. काही छोटे यूपीएस पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात आणि नवे सप्लाय त्यावर गुरगुरतात किंवा बंद पडतात, म्हणून तोही दुकानातच, तुमचंच मशीन लावून, प्लग ओढून बघा.

डिस्कबद्दल थोडक्यात. ५०० जीबीची टीएलसी प्रकारची एसएसडी, ओळखीच्या कंपनीची, पुरे. साध्या एसएसडीत अचानक वीज गेल्यावर लिहिणं पूर्ण करायला राखीव साठा नसतो. टॅलीचा डेटा खराब होण्यामागे कित्येकदा हेच असतं, म्हणून वरची दहा वेळांची चाचणी टाळू नका. रोज संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या आणि ती डिस्क काढून घरी न्या.

ती घरी न्यायची कारण आपल्याकडचा वळीव. एप्रिल-मे मध्ये गडगडाट सुरू झाला की लोक प्लग काढतात आणि नेटवर्कची तार विसरतात. माझ्या स्वतःच्या कामाच्या जागी, बंद असलेल्या मशीनचा बोर्ड वरच्या मजल्यावरून आलेल्या तारेतून जळाला होता. दोन मजल्यांमध्ये किंवा शेजारच्या इमारतीत तांब्याची तार ओढली असेल तर तीही काढायची सवय मुलींना लावा. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेजही मोजून घ्या. दोन-तीनच्या आत असावं. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की ते वाढतं, त्याला पाणी घालणं हेच पहिलं काम.

जुनी मशीन सांभाळत बसू नका. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि तुमच्या वयाचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. बँकेची आणि ग्राहकांच्या रिटर्नची कामं त्यावर करणं आता योग्य नाही. पैसे कमी असतील तर आठव्या पिढीपासून पुढचं, कंपन्यांनी वापरून काढलेलं छोटं मशीनही चालेल, मात्र अडॅप्टर मूळचा आहे का बघा आणि एसएसडी नवी टाका.

निपाणीहून तुम्हाला कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ पडतं. तिथून घेतलंत तर बिल तुमच्या जीएसटी नंबरवर आयजीएसटी लावूनच मागा. महाराष्ट्राचा एसजीएसटी लागला तर त्याचं क्रेडिट आपल्याला मिळत नाही, हे तुम्ही ग्राहकांना रोजच सांगता. आणि सुटे भाग वेगवेगळे घेणार असाल तर प्रत्येकाचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो.

तिन्ही एकदम घेऊ नका. आधी एकच आय३, १६ जीबी, चांगला सप्लाय, आणि ते सर्वांत जड फाइल असलेल्या टेबलावर ठेवा. बारा-तेरा तारखेला बसवलंत तर १४ ला टूबी येईल, जुळवणी होईल, २० तारीख जाईल, आणि एकदा तरी लाइट जाईल. त्या आठवड्यात `Committed` चा आकडा १६ च्या वर जातो का, आणि लाइट जाताना मशीन टिकतं का, एवढंच वहीत लिहून ठेवा. आकडा वर गेला तर बाकी दोघांना सुरुवातीपासूनच दुसरी पट्टी घालून मागवा, मशीन टिकलं नाही तर त्यांच्याबरोबर छोटे यूपीएसही.